नोट्सच्या निमित्तानं: अभ्यासिकेतली मैत्री, मेसेज आणि त्यापुढचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुण्यात शास्त्री रोड, नवी पेठ, सदाशिव पेठ या पट्ट्यात राहून मी चार वर्षं एमपीएससीची तयारी केली. आता नोकरीत आहे, पण त्या भागातल्या धाकट्या मैत्रिणी आणि मित्र अजूनही चहाला भेटले की फोन पुढे करतात आणि विचारतात, "ताई, हा मेसेज बघ ना, याचा अर्थ काय?" किंवा, "याच्यावर काय लिहू?" तेच ते प्रश्न इतक्यांदा आले, की उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत असं वाटलं. उदाहरणं पेठांमधली आणि राज्यसेवेच्या तयारीतली आहेत, कारण मला तेवढंच आतून माहीत आहे.

प्रश्न: नोट्सबद्दलचा मेसेज साधा कधी असतो आणि त्यात 'तसं काही' कधी येतं?

मेसेजातून काम वजा करून बघा. मागे काही उरत नसेल तर तो साधा मेसेज. "राज्यव्यवस्थेच्या नोट्सची पीडीएफ पाठव ना" यातून पीडीएफ काढली तर काहीच उरत नाही. "पीडीएफ मिळाली. पंचायतराजच्या पानावर तू समासात चहाचा कप काढलाय, तिथे झोप येत होती का?" यातून पीडीएफ काढली तरी तो कप उरतो. कुणीतरी तुमचं पान नुसतं वाचलं नाही, ते पान लिहिताना तुम्ही कशा होतात याचा विचार केला, हे समोरच्याला कळतं. हे उरलेलं म्हणजेच फ्लर्टिंगची सुरुवात.

म्हणून अक्षर, समासातल्या खुणा, हायलायटरचा रंग, खोडलेली ओळ या गोष्टी फार उपयोगी पडतात. हाताने लिहिलेल्या नोट्समध्ये माणूस सापडतो. दुकानातून आणलेल्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यात तो सापडत नाही, त्यामुळे त्यावरून बोलणं पुढे सरकत नाही.

प्रश्न: सुरुवात करताना नेमकं काय लिहू?

एक खरं काम आणि त्याला जोडून एक छोटं वाक्य, जे फक्त त्याच माणसाला लिहिता येईल. एवढंच. काम खोटं नको. ज्या नोट्स तुमच्याकडे आधीच आहेत त्या पुन्हा मागितल्या तर ते कधी ना कधी उघडं पडतं, आणि मग आधीचे सगळे मेसेजही समोरच्याला बनावट वाटायला लागतात.

'जेवलीस का?' आणि 'झोपला नाहीस अजून?' हे दोन मेसेज पेठेत रोज रात्री हजारोंनी जात असतील. त्यात वाईट काही नाही, पण ते कुणीही कुणालाही पाठवू शकतं. त्याऐवजी, "मेसला आज शेवभाजी आहे, लवकर ये, मागच्या वेळी तुझ्यापर्यंत येईस्तोवर संपली होती" असं लिहिलंत तर मागच्या वेळचं तुमच्या लक्षात आहे हे त्यातूनच कळतं. वेगळं कौतुक करावं लागत नाही.

परीक्षेच्या भाषेतली चेष्टा चांगली चालते, कारण ती दोघांनाच लगेच समजते. माझ्या एका मैत्रिणीला आलेला आणि तिने जपून ठेवलेला मेसेज असा होता: "पूर्वपरीक्षेत चार चुकले की एक बरोबर आलेला जातो. आज तू तीनदा 'काही नाही झालं' म्हणालीस. चौथ्यांदा म्हणालीस तर माझा एक चहा तुझ्याकडून वजा." त्या दिवशी तिची टेस्ट वाईट गेली होती. चेष्टेच्या आत विचारपूस होती आणि उत्तर द्यायची सक्ती नव्हती. तिने फक्त "चौथ्यांदा: काही नाही झालं" असं लिहिलं आणि संध्याकाळी दोघं चहाला गेले.

दिसण्यावरून सुरुवात करू नका. अभ्यासिकेत माणूस दिवसाचे दहा-बारा तास एका खुर्चीत बसलेला असतो, केस विस्कटलेले, कपडे साधे. तिथे कुणी आपल्याला न्याहाळतंय असं कळलं की मुली जागा बदलतात. हे मी स्वतः दोनदा केलंय.

प्रश्न: आम्ही एकमेकांना 'ताई', 'दादा', 'सर', 'मॅडम' म्हणतो. त्याचं काय करायचं?

हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. पेठेत नवीन आलेला मुलगा दोन वर्षं आधी आलेल्या मुलीला सहज ताई म्हणतो. गावाकडून आलेल्यांना अनोळखी मुलीला नुसत्या नावाने हाक मारणं अवघड वाटतं, म्हणून ते मॅडम म्हणतात. दोन मुलं एकमेकांना सर म्हणतात, त्यात अर्धी थट्टा असते आणि अर्धी उद्याची इच्छा.

ताई आणि दादा ही नाती आहेत. कुणी तुम्हाला मुद्दाम दादा म्हणायला लागलं असेल, विशेषतः आधी नावाने हाक मारून नंतर दादा, तर तो तुमच्यासाठी निरोप आहे. तिने अंतर आखलं आहे आणि तेही तुमचा अपमान न करता. "दादा नको म्हणू गं" असा हट्ट धरू नका. उलट बाजूने, तुम्ही स्वतः कुणाला सहा महिने ताई म्हणत असाल तर एका रात्रीत नावावर उडी मारू नका. तिला वाटेल की इतके दिवस ताई म्हणताना याच्या मनात दुसरंच होतं, आणि त्या विचाराने विश्वास जातो. संबोधन टाळून बोलायला लागा. मेसेजात ते सहज जमतं. काही दिवसांनी ती स्वतः "ताई म्हणायचं बंद केलंस वाटतं?" असं हसून विचारेल, किंवा काहीच म्हणणार नाही. हसून विचारलं तर बोलायला दार मिळालं. "हो, ताई म्हणवत नाही आता" एवढं उत्तर पुरे.

'मॅडम' मात्र गमतीचं आहे. त्याला नात्याचं ओझं नाही, आणि "काय मॅडम, आज सीसॅटला दांडी?" यातलं मॅडम हळूहळू दोघांपुरतं होऊ शकतं. बाकी सगळे तिला नावाने हाक मारतात आणि एकटा तुम्ही मॅडम म्हणता, असं झालं की ते नाव तुमचं झालं. अहो-जाहोवरून अरे-तुरेवर यायचं असेल तर मात्र सरळ विचारावं: "तू म्हटलं तर चालेल?" हे विचारण्यातही थोडी लाडीगोडी असते, ती असू दे.

प्रश्न: समोरून प्रतिसाद आहे की फक्त सभ्यपणा, हे कसं ओळखू?

उत्तर किती लवकर येतं यावरून काही कळत नाही. अनेक जण फोन अभ्यासिकेच्या कपाटात ठेवतात किंवा दिवसभर नेट बंद ठेवतात, आणि निळी खूण दिसूनही चार तास उत्तर नाही याचा अर्थ बहुतेक वेळा पेपर सोडवणं चालू आहे एवढाच असतो.

तीन गोष्टी बघा. एक, तुमच्या मेसेजातल्या कामाला उत्तर येतं की उरलेल्याला. तुम्ही चहाच्या कपाबद्दल विचारलंत आणि उत्तर आलं, "हो मिळाली ना पीडीएफ, ओके", तर तिने कप बाजूला ठेवला. एकदा असं झालं तर घाई असेल, सलग तीनदा झालं तर ते उत्तरच आहे. दोन, उलटा प्रश्न येतो का. तीन, काम नसताना मेसेज कुणाकडून सुरू होतो.

तिसरी गोष्ट तपासायचा सोपा मार्ग आहे. एक आठवडा तुमच्याकडून पहिला मेसेज करू नका. रुसल्यासारखं वागायचं नाही, समोर भेटलं की नेहमीसारखं हसायचं, विचारलेल्याला उत्तर द्यायचं. आठवड्यात समोरून एकही बिनकामाचा मेसेज आला नाही, तर आतापर्यंतचं सगळं संभाषण तुम्ही ओढत होतात. हे कळलं की वाईट वाटतं, पण परीक्षेच्या आधी कळलेलं बरं.

प्रश्न: एखादं प्रत्यक्ष उदाहरण सांगाल का, पहिल्या मेसेजपासून?

सांगते. दोघंही माझ्या ओळखीचे, दोघांना विचारून लिहितेय, नावं आणि ओळख पटेल असे तपशील सोडून. तो लातूरकडचा, ती वर्ध्याकडची. एकाच टेस्ट सिरीजला होते, अभ्यासिका वेगळ्या.

सुरुवात भूगोलाच्या एका प्रश्नावरून झाली. टेस्टनंतर जिन्यात चर्चा चालू होती, तिने नद्यांचा क्रम पाठ करायची स्वतःची एक युक्ती सांगितली. रात्री त्याने मेसेज केला: "आज जिन्यात सांगितलेली युक्ती वहीत लिहिली. खाली तुझं नाव टाकलंय, नाहीतर उद्या मी स्वतःची म्हणून खपवेन." तिने हसण्याची खूण पाठवली आणि लिहिलं, "रॉयल्टी लागेल." पहिल्याच दिवशी काम होतं, काहीतरी उरलं होतं, आणि तिने उरलेल्याला उत्तर दिलं.

पुढचे दोन आठवडे नोट्सची देवाणघेवाण. तिचा भूगोल, त्याची अर्थव्यवस्था. त्यात एकदा तिने लिहिलं, "मी आता सीसॅट करून राहिली, नंतर बोलते." 'करून राहिली' ही विदर्भाची बोली. पुण्यात यावरून मुलींना फार हसतात, आणि हसणाऱ्यांना ती मस्करी वाटते. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "तुमच्याकडं 'करून राहिली' म्हणतात, आमच्याकडं 'करलालो'. आपण दोघं पेपरात लिहिलं तर तपासणारा काय करेल?" तिने मला नंतर सांगितलं की तिला तो त्या दिवशी आवडायला लागला. त्याने तिच्या बोलीला स्वतःच्या बोलीशेजारी बसवलं, वर बसून चूक काढली नाही.

चौथ्या आठवड्यात त्याने एक चूक केली. तिचे टेस्टमधले गुण कमी आले आणि त्याचे जास्त. त्याने उत्साहाने लांबलचक मेसेज पाठवला, तिने कुठे कुठे वेळ घालवला, काय करायला हवं होतं. तिचं उत्तर आलं, "हो सर." बस. ती त्याला कधीच सर म्हणत नव्हती. त्याला दोन दिवस कळलं नाही, तिसऱ्या दिवशी कळलं. त्याने सारवासारव केली नाही: "परवा मी शिकवायला बसलो. तू विचारलं नव्हतंस. चुकलं." त्यावर ती पुन्हा नेहमीसारखी बोलायला लागली. गुणांवरून सल्ला देणं हे प्रेम दाखवण्याची रीत आहे असं बऱ्याच मुलांना मनापासून वाटतं. ऐकणाऱ्याला ते तपासणीसारखं लागतं.

सहाव्या आठवड्यात तिने आपणहून लिहिलं, "आज अभ्यासिकेतून निघताना पाऊस होता. तुझी ती मोठी छत्री आठवली." नोट्स नाहीत, प्रश्न नाही, काम नाही. त्याने उत्तर दिलं, "छत्री रिकामीच आहे. उद्या साडेनऊला तुझ्या गल्लीच्या टोकाशी?" इथून पुढे ते मेसेजांचं राहिलं नाही.

प्रश्न: रात्री एकमेकांशी ताणाबद्दल बोलतो, कधी कधी रडतो. हे प्रेमच ना?

असू शकतं. पण ताणात कुणीतरी ऐकणारं लागतं, आणि जो ऐकतो तो जवळचा वाटतो. जाहिरात लांबली, परीक्षा पुढे गेली, घरून पैसे येतात त्याची लाज वाटते, हे गावाकडच्या मित्राला समजत नाही आणि शेजारच्या खुर्चीवरच्याला न सांगता समजतं. २०२३च्या सुरुवातीला वर्णनात्मक पद्धत लगेच लागू होऊ नये म्हणून पुण्यात मुलं रस्त्यावर बसली होती, नंतर तो बदल २०२५पर्यंत पुढे गेला. त्या दिवसांत माझ्याभोवती कितीतरी जोड्या जमल्या. निर्णय झाल्यावर त्यातल्या काहींकडे बोलायला विषयच उरला नाही.

याची खूण सोपी आहे. चांगल्या दिवशी काय होतं ते बघा. टेस्ट छान गेली, मन हलकं आहे, तेव्हाही तिलाच सांगावंसं वाटतं का? आणि तिचा दिवस चांगला गेला तर ती तुम्हाला सांगते का? फक्त वाईट रात्री मेसेज येत असतील तर तुम्ही तिचा आधार आहात. ही चांगली, मानाची जागा आहे, पण तिला दुसरं नाव देऊ नका.

कुणी रडत असताना फ्लर्टिंगचं वाक्य घालू नये. "मी आहे ना" हेसुद्धा त्या रात्री मित्र म्हणून म्हणा आणि तेवढंच ठेवा. त्या क्षणी मिळालेला होकार दुसऱ्या दिवशी दोघांनाही जड होतो. आणि कुणी जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं बोलत असेल, तर ते एकट्याने सांभाळायचं नसतं. टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलतात. तो द्या, रूममेटला उठवा, खोलीवर कुणीतरी थांबेल असं बघा.

प्रश्न: नोट्स मीच देतो, तिला त्यांची गरज आहे. यात काही अडचण आहे का?

आहे, आणि मला ही सगळ्यात मोठी अडचण वाटते. तुमच्या नोट्सवर जिची मुख्य परीक्षा उभी आहे तिला तुम्हाला नाही म्हणणं महाग पडतं. ती हसेल, खुणा पाठवेल, चहाला येईल, आणि तुम्हाला वाटेल जमतंय. तिला स्वतःलाही नीट सांगता येणार नाही की यातलं किती मनापासून आहे.

उपाय एकच, आधी तिचा नकार स्वस्त करा. नोट्सचा संपूर्ण संच एकदम देऊन टाका. आठवड्याला एक धडा अशी किस्त लावू नका. ड्राइव्हवर ठेवलेल्या असतील तर पूर्ण फोल्डर उघडा आणि ग्रुपमधल्या इतर दोघांनाही द्या, म्हणजे ती एकटीच उपकाराखाली राहत नाही. मग आठ-दहा दिवस थांबा. नोट्स हातात आल्यावरही ती तुमच्याशी तशीच बोलत असेल तर ते बोलणं तुमच्याशी आहे.

हेच जागा धरून ठेवणं, मेसचा डबा आणून देणं, फॉर्मचे पैसे भरणं या सगळ्याला लागू. मदत करा, पण तिची परतफेड मेसेजात मागू नका. "मी तुझ्यासाठी एवढं केलं" हे वाक्य एकदा लिहिलं की आधीची सगळी मदत उधारी ठरते.

प्रश्न: परीक्षा जवळ आली आहे. आता बोलू की थांबू?

पूर्वपरीक्षेला महिना राहिला असेल तर थांबा. चालू आहे ते हलकं बोलणं राहू द्या, पण मोठा प्रश्न विचारू नका. उत्तर हो आलं तरी दोघांची चार रात्रींची झोप जाते, नाही आलं तर एकाचा महिना.

परीक्षेच्या आदल्या रात्री प्रवेशपत्र, ओळखपत्र, काळा पेन यांची आठवण करणारा एक मेसेज पुरे. पेपर सुटल्यावर "कसा गेला?" असं विचारू नका, सगळे तेच विचारत असतात. "जेवायला कुठे जायचं?" हा त्या दिवसाचा सगळ्यात गोड मेसेज आहे. पहिली उत्तरतालिका आली की गुण विचारायचे नाहीत, स्वतःचेही आधी सांगायचे नाहीत. समोरचा सांगेल तेव्हा ऐकायचं. निकालात एकाचं नाव असेल आणि दुसऱ्याचं नसेल, तर नाव असलेल्याने त्या दिवशी मेसेजावर भागवू नये. उठून भेटायला जावं.

प्रश्न: ग्रुपवर सगळ्यांसमोर चिडवाचिडवी केली तर चालेल?

नाही. पन्नास जण बघत असतात, तिथे समोरच्याला खरं उत्तर देता येत नाही. शिवाय बॅचमध्ये एकदा जोडी लावली गेली की तिचं नाव तुमच्या नावाला चिकटतं, आणि त्याची झळ बहुतेक वेळा तिलाच लागते.

प्रश्न: उघड कधी आणि कसं बोलायचं?

बिनकामाचे मेसेज दोन्हीकडून येत असतील, निदान दोन-तीनदा फक्त दोघं चहाला किंवा फिरायला गेला असाल, तर बोला. शक्यतो समोर बोला, सारसबागेत किंवा नदीकाठच्या रस्त्याने चालताना. समोरासमोर न बसता शेजारी चालताना बोलणं सोपं जातं. मेसेजातच लिहायचं असेल तर छोटं लिहा: "तुझ्याशी बोलायला मला अभ्यासाचं निमित्त लागत नाही, हे मला कळलंय. तुला तसं वाटतं का? नसेल तरी नोट्स, चहा, सगळं आहे तसंच राहील." शेवटचं वाक्य लिहिलंत तर ते पाळावं लागतं. पाळता येणार नसेल तर लिहू नका.

रात्री बारानंतर पाठवू नका. समोरच्याला ते वाचून झोपायचं असतं.

प्रश्न: उत्तर नाही आलं, किंवा नकार आला. आता?

नकार आला तर "बरं केलंस सांगितलंस" एवढं लिहा आणि काही दिवस आपणहून मेसेज करू नका. कारण विचारू नका. तिच्या रूममेटला मध्ये घालू नका. अभ्यासिकेत तुमच्या जागा शेजारी असतील तर दुसरी जागा तुम्ही मागून घ्या, तिला उठावं लागू नये. उत्तरच आलं नाही तर आठवडाभर वाट बघा, मग ते उत्तर नकार समजा. 'फक्त एकदा बोल' असा दुसरा मेसेज नको.

हे कायद्याच्या बाजूनेही स्पष्ट असू द्या. स्त्रीने नको म्हणून स्पष्ट दाखवल्यावरही पुरुष पुन्हा पुन्हा संपर्क साधत राहिला, मागे जात राहिला किंवा ती ऑनलाइन काय करते यावर पाळत ठेवत राहिला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली तो पाठलागाचा गुन्हा आहे, आणि पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. सरकारी नोकरीत रुजू होताना चारित्र्य पडताळणी होते हे तयारी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं.

प्रश्न: मला तो मेसेज करतो, मला नको आहे. पण त्याच्या नोट्स लागतात, तोडायचंही नाही. काय लिहू?

उरलेल्याला उत्तर देणं बंद कर, कामाला उत्तर देत राहा. बहुतेकांना दोन आठवड्यांत कळतं. नाही कळलं तर एक वाक्य लिही, माफी न मागता आणि हसण्याची खूण न लावता: "आपली मैत्री मला अभ्यासापुरती हवी आहे, त्यापुढचं नको." हसण्याची खूण लावलीस तर तो फक्त खूण वाचेल. यानंतरही चालूच राहिलं तर मेसेज पुसू नकोस, पडद्याचे फोटो काढून ठेव आणि अभ्यासिकेच्या चालकाला दाखव. नोट्स दुसरीकडे मिळतात. त्या गल्ल्यांमध्ये झेरॉक्सची दुकानं कमी नाहीत.

प्रश्न: घरी तिच्यासाठी स्थळं बघतायत. मेसेज चालू ठेवू?

तयारी करणाऱ्या बऱ्याच मुलींना घरून मुदत दिलेली असते. या वर्षी नाही झालं तर लग्न. तुमच्यासाठी जे हलकंफुलकं आहे ते तिच्यासाठी, कुणाच्या हाती फोन लागला तर, पुण्यातली खोली सोडून परत जाण्याचं कारण होऊ शकतं. म्हणून तिला विचारा की मेसेज कधी करू, गावी गेल्यावर करू की नको. सुट्टीत ती घरी असताना उत्तर येत नसेल तर फोन करून बघू नका. आणि तुमच्या मनात पुढचं काहीच नसेल, जात, घर, नोकरी या सगळ्यात उतरायची तयारी नसेल, तर तेही आत्ताच सांगा. ती त्यावरही हो म्हणू शकते. पण तिने काय ठरवायचं ते तिला माहिती असताना ठरवू दे.

प्रश्न: हेच बारावीच्या किंवा नीटच्या क्लासला चालेल का?

हे सगळं सज्ञान मुलामुलींसाठी लिहिलं आहे. अठराच्या आतल्यांसाठी नाही, आणि सज्ञान माणसाने अठराच्या आतल्या विद्यार्थ्याशी असं बोलणं तर अजिबात नाही. क्लासमध्ये शिकवणाऱ्यांसाठीही नाही, समोरची विद्यार्थिनी कितीही मोठी असली तरी. गुण, टेस्ट आणि मुलाखतीची तयारी ज्याच्या हातात आहे त्याला ती नाही कशी म्हणेल?

प्रश्न: आमचं जमलं. आता एकाच अभ्यासिकेत बसायचं का?

वेगवेगळ्या खोल्यांत बसा, किंवा निदान एकमेकांच्या नजरेत येणार नाही अशा जागी. चहाची वेळ ठरवा, सकाळी अकरा आणि संध्याकाळी सहा, आणि मधल्या वेळेत मेसेज नको. आधी एकमेकांना पाठवत होतात त्या नोट्स पाठवणंही बंद करू नका. वर सांगितलेल्या त्या दोघांच्या ड्राइव्हवर भूगोलाचा फोल्डर अजून आहे, आणि नद्यांच्या पानाखाली तिचं नाव त्याच्या अक्षरात आहे.